अशिलाची पहिली मुलाखत: प्रश्नातून उत्तर न पुरवता माहिती कशी घ्यावी

लॉ कॉलेजच्या कायदेविषयक मदतीच्या क्लिनिकमध्ये एक बाई येतात. त्या एका मोठ्या लॉन्ड्रीत कपड्यांना इस्त्री करायच्या. बसल्या बसल्या त्या सांगतात, "मालकाने मला काढलं. तीन महिन्यांचा पगार अडकलाय. वर कसल्यातरी कागदावर सहीपण घेतली." समोर दोन विद्यार्थी आहेत आणि दोघांनी नुकताच कामगार कायदा वाचला आहे. त्यातला एक लगेच विचारतो:

"म्हणजे कुठलीही नोटीस न देता तुम्हाला कामावरून काढून टाकलं?"
"हो."
"आणि सलग तीन महिने काहीच पगार दिला नाही?"
"हो, नाही दिला."
"आणि कागदावर जबरदस्तीने सही घेतली?"
"हो, तसंच म्हणा."

दीड मिनिटात दावा तयार झाल्यासारखा दिसतो. आता हीच हकीकत नीट, शांतपणे विचारली असती तर काय निघालं असतं ते पाहू. (उदाहरण समजावण्यासाठी रचलेलं आहे, पण अशी गुंतागुंत क्लिनिकमध्ये नेहमीच समोर येते.) मालक काहीच बोलला नव्हता. मुकादम म्हणाला होता, "मशीन दुरुस्त होईपर्यंत येऊ नका, मी फोन करतो." फोन आला नाही. अकरा दिवसांनी बाई स्वतः गेल्या, तेव्हा त्यांच्या जागी दुसरी बाई काम करत होती. पगार दोन महिन्यांचा पूर्ण राहिला होता आणि तिसऱ्यातला अर्धा उचल म्हणून हातात मिळाला होता. सहीच्या वेळी कुणी धमकावलं नव्हतं. कारकुनाने "हिशेबाचा कागद आहे, सही केली की पैसे काढता येतील" असं सांगितलं होतं आणि त्या कागदाची भाषा बाईंना वाचता येत नव्हती.

तिन्ही "हो" चुकीचे निघाले, आणि तरी बाई खोटं बोलल्या नव्हत्या. शिवाय खरी हकीकत त्यांच्या दृष्टीने वाईटही नाही. न वाचता येणाऱ्या कागदावर पैशाचं आमिष दाखवून घेतलेली सही हा भक्कम मुद्दा होऊ शकतो. पण प्रतिज्ञापत्रात "जबरदस्तीने" असं लिहिलं गेलं आणि उलटतपासणीत "तुम्हाला कुणी हात लावला? कुणी धमकी दिली?" असं विचारलं, की बाईंना "नाही" म्हणावं लागणार. त्या एका "नाही"मुळे त्यांच्या बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो. हे नुकसान सोसावं लागतं अशिलाला. प्रश्न विचारणाऱ्याला नाही.

अशील "हो" का म्हणतो

ज्या प्रश्नातच उत्तर दडलेलं असतं त्याला सूचक प्रश्न म्हणतात. उलटतपासणीत तो वकिलाचं हत्यार असतो. स्वतःच्या अशिलाशी बोलताना तोच प्रश्न माहिती बिघडवतो.

याची कारणं साधी आहेत. अशिलाला समोरचा माणूस शिकलेला, कायदा जाणणारा वाटतो, आणि त्याने एखादी गोष्ट "म्हणजे" लावून सांगितली तर ती तशीच असणार असं गृहीत धरलं जातं. मदत मागायला आलेल्या माणसाला मदत करणाऱ्याला दुरुस्त करणं जड जातं. आणि कुठला तपशील महत्त्वाचा आहे हे अशिलाला माहीतच नसतं. "मालकाने काढलं" आणि "मुकादमाने थांबायला सांगितलं" यांत कायद्याच्या नजरेने केवढा फरक पडू शकतो, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. रोजच्या जगण्यात दोन्हीचा परिणाम एकच झाला: काम गेलं.

याहून गंभीर बाब अशी की सूचक प्रश्नाने तेवढ्यापुरतं उत्तर बदलतं असं नाही, आठवणही बदलू शकते. 1974 साली मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी केलेला प्रयोग यासाठी प्रसिद्ध आहे. 150 विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताची छोटी फिल्म दाखवली. त्यांतल्या पन्नास जणांना मोटारींच्या वेगाबद्दल विचारताना "धडकल्या" अशा अर्थाचा साधा शब्द वापरला, दुसऱ्या पन्नास जणांना विचारताना "जोरात आदळून चुराडा झाला" असं सुचवणारा शब्द वापरला, आणि उरलेल्या पन्नास जणांना वेगाबद्दल विचारलंच नाही. एका आठवड्याने सगळ्यांना विचारलं, की फुटलेली काच पाहिली का? फिल्ममध्ये फुटलेली काच नव्हतीच. जोरदार शब्द ऐकलेल्यांपैकी 16 जण "हो" म्हणाले, साधा शब्द ऐकलेल्यांपैकी 7 आणि ज्यांना वेगाचा प्रश्नच विचारला नव्हता त्यांच्यापैकी 6.

म्हणून "आधी पटापट विचारून घेऊ, नंतर दुरुस्त करू" हा हिशेब धोक्याचा आहे. पहिल्या मुलाखतीत तुम्ही वापरलेला शब्द दुसऱ्या मुलाखतीत अशिलाच्या तोंडून, त्यांची स्वतःची आठवण म्हणून परत येऊ शकतो, आणि तेव्हा मूळ काय होतं ते शोधायला मार्ग उरत नाही.

बसण्याआधी ठरवायच्या गोष्टी

मुलाखतीच्या आधी अशिलाचं नाव आणि समोरच्या पक्षाचं नाव एवढी माहिती घेऊन हितसंबंधांचा संघर्ष नाही ना, हे तपासावं लागतं. समोरचा मालक क्लिनिकचाच जुना अशील निघाला, तर बाईंची हकीकत ऐकून घेतल्यावर दोन्हीकडून अडचण होते. त्यामुळे ही तपासणी होईपर्यंत फोनवर हकीकत ऐकत बसू नये.

दोन विद्यार्थी असतील तर एकाने विचारायचं आणि दुसऱ्याने टिपायचं. टिपणाऱ्याने मध्ये बोलायचं नाही. त्याच्या शंकांसाठी शेवटी पाच-दहा मिनिटं राखून ठेवावीत आणि हे अशिलालाही आधीच सांगावं. दोन्हीकडून प्रश्न येऊ लागले की मुलाखतीची चौकशी समिती होते.

कायद्याचा अभ्यास जरूर करून जावा, पण प्रश्नांची यादी टेबलावर ठेवू नये. यादी समोर असली की डोळे पुढच्या प्रश्नाकडे जातात आणि कान अशिलाकडून सुटतात. त्याऐवजी एका चिठ्ठीवर चार-पाच विषय लिहावेत: काम आणि पगार, थांबायला सांगितलं तो दिवस, परत गेल्या तो दिवस, सहीचा कागद, पुरावे. एका बैठकीत याहून जास्त विषय उरकायला जाऊ नये. पहिल्या बैठकीला साधारण सव्वा तास धरावा. त्यापुढे सांगणारा आणि ऐकणारा दोघंही थकतात.

पहिली पाच मिनिटं

सुरुवातीला चार गोष्टी सांगायच्या असतात. आपण विद्यार्थी आहोत आणि मार्गदर्शक वकिलांच्या देखरेखीखाली काम करतो. इथलं बोलणं गोपनीय राहतं, पण मार्गदर्शकांशी त्यावर चर्चा होते, आणि गोपनीयतेला कायद्याने काही अपवाद असतील तर तेही सांगायचे. आज आपण हकीकत ऐकून घेणार आहोत; केस घ्यायची की नाही ते मार्गदर्शकांशी बोलून अमुक दिवसापर्यंत कळवू. आणि टिपणं कशासाठी घेतोय.

हे सगळं चार-पाच सोप्या वाक्यांत बसतं. फॉर्म पुढे सरकवून "इथे सही करा" म्हणून सुरुवात करणं मात्र टाळलेलं बरं. आपल्या बाईंचं उदाहरण घ्या: ज्यांना न वाचलेल्या कागदावरच्या सहीने गोत्यात आणलं, त्यांच्यापुढे आपणही पहिल्या मिनिटाला कागदच ठेवणार? संमतीपत्र हवंच असेल तर ते मोठ्याने वाचून, समजावून, मग सही घ्यावी.

याच टप्प्यावर एक थेट प्रश्न विचारायलाच हवा: "ताई, कोर्टाची किंवा कुठल्या ऑफिसची तारीख जवळ आली आहे का? अमुक दिवसाच्या आत उत्तर द्या, असा काही कागद आला आहे का?" इथे मोकळा प्रश्न चालत नाही. तारीख परवावर आली असेल तर मुलाखतीचा सगळा क्रमच बदलावा लागतो. दावा दाखल करण्याची मुदत संपत आली आहे का, हेही याच कारणासाठी लवकर कळायला हवं. कुठल्या दाव्याला किती मुदत, हे जिथला कायदा लागू असेल त्यावर अवलंबून असतं. ते मार्गदर्शकांकडून पक्कं करून घ्यावं आणि अशिलाला अंदाजाने सांगू नये.

आधी त्यांची हकीकत, त्यांच्या क्रमाने

आता एक मोकळा प्रश्न, आणि मग गप्प बसायचं: "तुम्ही इथे का आलात ते तुमच्या पद्धतीने सांगा. जिथून सुरुवात करावीशी वाटेल तिथून करा. मी मध्ये थांबवणार नाही."

मध्ये न बोलणं वाटतं त्यापेक्षा अवघड आहे. डॉक्टर आणि रुग्ण यांच्या संभाषणांचा 1984 साली एक अभ्यास झाला होता. 74 भेटींपैकी जेमतेम 23 टक्के भेटींत रुग्णाला आपलं सुरुवातीचं म्हणणं पूर्ण करता आलं, आणि डॉक्टर सरासरी 18 सेकंदांत मध्ये बोलत होते. पुढे 2002 साली स्वित्झर्लंडमध्ये झालेल्या एका अभ्यासात डॉक्टरांना मध्ये न बोलण्याचं शिक्षण देऊन 335 रुग्णांचं बोलणं मोजलं. रुग्ण सरासरी 92 सेकंदांत आपणहून थांबले आणि जवळजवळ पाचातले चार जण दोन मिनिटांच्या आत थांबले. कायद्याच्या प्रश्नामागची हकीकत आजारापेक्षा लांब असते, ती काही मिनिटं चालेल. तरी "बोलू दिलं तर थांबणारच नाहीत" ही भीती बहुतेक वेळा फोल ठरते.

या वेळात आपलं काम एवढंच: मान हलवणं, "हं", "मग?", आणि त्यांचे शब्द टिपून ठेवणं. त्या भरकटल्या तरी चालेल. बाई नणंदेच्या आजारपणाबद्दल बोलायला लागल्या तर ते गैरलागू वाटेल, पण कदाचित त्याच आजारपणासाठी त्यांनी उचल घेतली असेल, आणि पगाराचा सगळा हिशेब त्या उचलीवर फिरत असेल. बोलणं थांबलं तरी लगेच पुढचा प्रश्न टाकू नये. पाच-सहा सेकंद वाट पाहावी. शांतता आपल्याला लांब वाटते. सांगणाऱ्याला ती आठवण्यासाठी हवी असते.

या वेळात टाळायची आणखी एक गोष्ट म्हणजे कायदा समजावणं. "राजीनामा दिला असेल तर भरपाई मिळत नाही, पण काढलं असेल तर मिळते" असं आधी सांगितलं आणि मग "तुमच्या बाबतीत काय झालं?" असं विचारलं, तर तो प्रश्न राहिलाच नाही, काय उत्तर द्यायचं ते आपणच सांगून टाकलं. प्रामाणिक माणूसही नकळत त्या बाजूला झुकतो, आणि अप्रामाणिक माणसाला आपण वाट दाखवलेली असते. दोन्हीही क्लिनिकच्या नीतीत बसत नाही. म्हणून आधी वस्तुस्थिती, मग कायदा.

मग काळाची रेघ

हकीकत एकदा ऐकली की ती क्रमाने लावायची. यासाठी एक कोरा कागद आडवा धरून त्यावर रेघ ओढावी आणि तो अशिलाला दिसेल असा ठेवावा. वाचता येत नसेल तरी रेघ समजते. शब्दांऐवजी छोट्या खुणा काढल्या तरी चालतं.

सुरुवात तारखांनी करू नये. "कोणत्या तारखेला?" असं दडपणाखाली विचारलं की माणूस कुठलीतरी तारीख देतो, ती टिपणात जाते, तिथून प्रतिज्ञापत्रात, आणि शेवटी समोरच्या वकिलाच्या हातात. त्याऐवजी पक्क्या आठवणीच्या खुंट्या शोधाव्यात: पगाराचा दिवस, मुलीची परीक्षा, घर बदललं तो आठवडा, फोनमधला एखादा कॉल किंवा मेसेज. मग विचारावं, "मशीन बंद पडलं ते मुलीच्या परीक्षेच्या आधी की नंतर?" हा प्रश्न बंदिस्त आहे, पण सूचक नाही, दोन्ही पर्याय सारखेच मोकळे आहेत.

जिथे तारीख मिळत नाही तिथे पट्टा लिहावा: "पगाराच्या दिवसानंतर, परीक्षा संपण्याआधी". असं लिहिलेलं खरं असतं आणि पुढे कागदपत्रांवरून अरुंद करता येतं. खोटी अचूक तारीख मात्र नुसती खोडावी लागते, आणि खोडल्याचा डाग उरतो.

रेघेवर दोन खुणांच्या मध्ये मोकळी जागा दिसली की तिथे "मग पुढे काय झालं?" एवढंच विचारावं. आपल्या उदाहरणातले अकरा दिवस असेच सापडतात. पहिल्या हकीकतीत त्या दिवसांचा उल्लेखच नव्हता. "काढलं" या एका शब्दात ते बुजले होते. रेघेवर एकीकडे मशीन बंद पडल्याची खूण होती आणि दुसरीकडे परत गेल्याची, आणि मध्ये काहीच नव्हतं. त्या रिकाम्या जागेबद्दल विचारल्यावर बाई म्हणाल्या, "मी फोनची वाट बघत होते ना. दोनदा मीच लावला, त्यांनी उचलला नाही." केलेल्या दोन फोनची नोंद त्यांच्या मोबाईलमध्ये सापडण्याची शक्यता आहे. काम सोडून न जाता त्या बोलावण्याची वाट पाहत होत्या, हे दाखवणारा हा सगळ्यात चांगला पुरावा ठरू शकतो. आणि तो विचारलेल्या कुठल्याही "हुशार" प्रश्नातून निघाला नाही.

एकेक विषय, वरून खाली

रेघ उभी राहिली की महत्त्वाच्या जागी खोल जायचं. पद्धत नरसाळ्यासारखी आहे: वर रुंद, खाली अरुंद. सहीच्या प्रसंगाचं घेऊ.

"सही केली त्या दिवशी काय काय झालं, ऑफिसात गेल्यापासून सांगा."
"कारकून म्हणाले बसा. मग कागद काढला. म्हणाले सही करा."
"अजून काय आठवतं?"
"म्हणाले, हिशेबाचा कागद आहे."
"हिशेबाचा कागद. अजून काही बोलले?"
"सही केली की पैसे काढता येतील म्हणाले. मी म्हटलं किती मिळतील, तर म्हणाले बघू."
"अजून काही?"
"नाही. मग मी केली."

"अजून" संपेपर्यंत खाली उतरायचं नाही. पहिल्या उत्तराला महत्त्वाचा तपशील नव्हता. तो पहिल्या-दुसऱ्या "अजून"ला आला. लक्षात घ्या, विद्यार्थ्याने "हिशेबाचा कागद" हे बाईंचेच शब्द परत म्हटले. त्याने स्वतःचा शब्द घातला नाही. आता अरुंद प्रश्न: "कारकुनाचे शब्द जसे आठवतात तसे सांगाल?", "त्या वेळी खोलीत कोण कोण होतं?", "कागदाची भाषा कोणती होती?", "तुम्हाला ती वाचता येते?", "कागद तुम्हाला कुणी वाचून दाखवला, की नाही?", "त्याची प्रत तुमच्याकडे आहे का?" हे हो-नाहीचे आणि नेमके प्रश्न लागतातच, आणि त्यांची जागा शेवटी असते.

"का" जपून वापरावा. "तुम्ही न वाचता सही का केली?" यात दोष आहे, आणि दोष ऐकला की माणूस समर्थन शोधतो. तेच "सही करताना तुमच्या मनात काय चाललं होतं?" असं विचारलं तर खरं कारण निघतं.

तसंच एकच प्रश्न पुन्हा विचारायचा असेल तर कारण सांगावं. नाहीतर पहिलं उत्तर चुकलं असं समजून अशील ते बदलतात. "हे मी मघाशी विचारलं होतं, मला नीट लिहिता आलं नाही म्हणून परत विचारतोय" एवढं वाक्य पुरतं.

काही गोष्टी लाजेच्या असतात: उचल घेतली होती, नोंदणी नसताना काम केलं, एकदा मुकादमाशी कडाक्याचं भांडण झालं. इथे अगदी मोकळा प्रश्न कमी पडू शकतो. "अशा ठिकाणी काही जण उचल घेतात, काही घेत नाहीत. तुमचं कसं होतं?" असं विचारल्याने दोन्ही वाटा मोकळ्या राहतात आणि लाजही थोडी उतरते. आणि प्रत्येक मुलाखतीत शेवटाकडे एक प्रश्न असावाच: "मालकाला विचारलं तर तो याबद्दल काय सांगेल?" समोरच्या बाजूच्या तोंडून बोलायचं म्हटलं की स्वतःच्या विरोधात जाणारी माहिती सांगणं सोपं होतं. आपल्या बाईंनी यावर सांगितलं, "तो म्हणेल मीच राजीनामा लिहून दिला." म्हणजे तो "हिशेबाचा कागद" कशाचा असू शकतो, हे पहिल्यांदा इथे दिसतं.

दमले आहेत हे कसं ओळखावं

अशील सहसा "मला झेपत नाही" असं म्हणत नाही. उत्तरं लहान होत जातात. "तुम्हीच बघा काय ते", "तुम्हाला योग्य वाटेल ते लिहा" असं ऐकू येतं. सोबत आलेल्या माणसाकडे नजर जाते. मघाशी ठाम असलेला क्रम डळमळतो. या खुणा दिसल्यावर मिळणारी माहिती निकृष्ट असते. तेव्हा जोर लावून प्रश्न पुढे नेण्यात काही अर्थ नाही.

बहुतेकदा कारण आपल्याकडेच असतं. "मग तुम्ही कधी गेलात, तिथे कोण होतं आणि ते काय म्हणाले?" हे तीन प्रश्न आहेत, अशील शेवटच्याचं उत्तर देतात आणि पहिले दोन हवेत राहतात. "सेवासमाप्ती", "थकबाकी", "प्रतिवादी" हे शब्द आपल्या ओळखीचे, त्यांच्या नव्हेत. विषय बदलताना न सांगता उडी मारली तरी गोंधळ होतो. "पगाराचं झालं. आता सहीच्या दिवसाबद्दल विचारतो" असं म्हटलं की त्यांना कळतं की आपण कुठे आहोत.

दमणूक दिसली तर थांबावं, पाणी द्यावं, आणि ऐकलेलं थोडक्यात परत सांगावं. मग त्यांना निवडू द्यावं: "सहीचं आत्ता बोलायचं, की पुढच्या वेळी?" मारहाण, छळ असं काही असेल तर पहिल्याच बैठकीत सगळा तपशील उकरू नये. मुदत आणि सुरक्षितता यांपुरतं आज, बाकीचं नंतर.

सोबत आलेल्या नातेवाइकाचा प्रश्न वेगळा. तो मायेपोटीच उत्तरं देतो, पण ती उत्तरं त्याची असतात. शिवाय तिसऱ्या माणसासमोर झालेल्या बोलण्याला काही ठिकाणी वकील-अशील गोपनीयतेचं संरक्षण मिळत नाही. त्यामुळे सुरुवातीलाच, सगळ्यांना असाच नियम आहे असं सांगून, त्यांना बाहेर बसायची विनंती करावी. दुभाषी लागत असेल तर घरचा माणूस टाळावा. बाहेरचा दुभाषी घेऊन त्याला प्रत्येक वाक्य "मी" म्हणून जसंच्या तसं सांगायला लावावं, सारांश नको. आणि आपण बोलताना दुभाष्याकडे न बघता अशिलाकडे बघावं.

परत सांगणं आणि टिपण

शेवटची दहा मिनिटं हकीकत परत सांगण्यासाठी. "मी जसं समजलो तसं सांगतो. कुठे चुकलो तर मध्येच थांबवा." इथेही सूचकपणा शिरतो. "मग त्यांनी तुम्हाला फसवून सही घेतली" असा सारांश सांगितला, तर बाई मान हलवतील आणि "फसवून" हा आपला शब्द त्यांचा होईल. म्हणून सारांश त्यांच्याच शब्दांत: "कारकून म्हणाले हिशेबाचा कागद आहे, सही केली की पैसे काढता येतील." अशिलाने दोन-तीन जागी दुरुस्ती केली तर परत सांगणं नीट झालं असं समजावं. एकही दुरुस्ती आली नाही तर "यात कुठली गोष्ट राहिली किंवा थोडी वेगळी होती?" असं मुद्दाम विचारावं.

उठताना आपण काय करणार, त्यांनी काय आणायचं आणि काय करू नये, हे सांगावं. आणायच्या वस्तू तीनच सांगाव्यात. दहा सांगितल्या तर त्या गोंधळतात आणि एकही येत नाही. आपल्या बाईंना: मोबाईल तसाच ठेवा, कॉल आणि मेसेज पुसू नका, पगाराची कुठलीही चिठ्ठी असेल ती आणा, आणि मालकाकडून नवीन कागद आला तर आमच्याशी बोलल्याशिवाय सही करू नका.

टिपण त्याच दिवशी पक्कं लिहावं, कारण रात्रभरात आपल्याही आठवणीतल्या फटी आपोआप बुजतात. प्रत्येक महत्त्वाच्या गोष्टीपुढे तीन नोंदी असाव्यात: अशिलाचे मूळ शब्द अवतरणचिन्हांत, त्यांना ते कसं कळलं (पाहिलं, ऐकलं की अंदाज), आणि त्याला आधार काय. "जागी दुसरी बाई होती" हे पाहिलेलं आहे. "तिला माझ्याऐवजी घेतलं" हा अंदाज आहे. ती दुसऱ्या विभागातून तात्पुरती आलेली असू शकते. कुठलीही माहिती सूचक प्रश्नातून आली असेल, आणि घाईत असं होतंच, तर समासात तशी खूण करावी आणि पुढच्या बैठकीत तो विषय मोकळ्या प्रश्नाने पुन्हा उघडावा.

पुढच्या बैठकीपर्यंत तो सहीचा कागद हाती येतो आणि त्यावर खरंच "स्वखुशीने राजीनामा" असं लिहिलेलं असतं. शिवाय त्याची तारीख बाईंनी सांगितलेल्या दिवसाच्या आठवडाभर आधीची असते. अशा वेळी कागद पुढे करून "तुम्ही तर वेगळंच सांगितलं होतं" म्हणू नये. कागद बाजूला ठेवून आधी त्या दिवसाची हकीकत पुन्हा मोकळेपणाने ऐकावी. मग कागद दाखवून, त्यांना समजेल अशा भाषेत वाचून, विचारावं: "या कागदाबद्दल तुम्हाला काय आठवतं ते सांगा." सही त्यांचीच आहे का, तारीख कुणाच्या अक्षरात आहे, सही करताना तारखेची जागा भरलेली होती की कोरी, हे प्रश्न त्यानंतर, एकेक करून.